एसआयपीचा सरासरी खरेदीभाव माझ्या एक्सेलशी जुळत नाही, युनिटमागे ६८ पैशांचा फरक का?

खाडीकाठ (कळवा)
आईच्या नावावर एका फ्लेक्सीकॅप फंडात महिन्याला ५००० ची एसआयपी आहे. परवा बारा हप्ते पूर्ण झाले म्हणून तिने हिशेब मागितला. मी बाराही तारखांच्या एनएव्ही एक्सेलमध्ये एकाखाली एक लिहिल्या आणि सरासरी काढली, ती आली ६१.४०. स्टेटमेंटवर मात्र सरासरी खरेदीभाव ६०.७२ छापलाय. हप्ता एकही चुकलेला नाही, मध्ये काही काढलेलंही नाही. आई आयुष्यभर शाळेच्या कार्यालयात हिशेब लिहीत होती, तिला पैशाचाही फरक चालत नाही. "कमी दाखवतायत म्हणजे आपल्या फायद्याचं आहे, पण कमी का ते सांग," असं म्हणून बसलीय. कोणी नीट उलगडून सांगेल का?

अभय_ऐरोली
ताई, हाच तर एसआयपीचा फायदा! भाव पडला की तेवढ्याच पैशात जास्त युनिट येतात, चढला की कमी. त्यामुळे आपला खरेदीभाव बाजाराच्या सरासरीपेक्षा नेहमी खालीच राहतो. म्हणजे ६८ पैसे प्रत्येक युनिटमागे आपोआप नफा. माझ्या ऑफिसात मी सगळ्यांना हेच सांगतो की एसआयपी करायची तर भरपूर हलणाऱ्या फंडात करा, स्मॉलकॅप घ्या. जितकी उसळी मोठी तितका हा फरक मोठा.

त्रैराशिक (नौपाडा)
अभय, तुमचं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे. "नफा" या शब्दापाशी मात्र गाडी रुळावरून उतरते. तिकडे नंतर येतो, आधी खाडीकाठ यांच्या आईंचा प्रश्न.

तुमच्या एक्सेलने बारा भावांना सारखं वजन दिलं. दर महिन्याला सारखीच युनिटं घेतली असती, समजा दरमहा ८०, तर ती सरासरी बरोबर ठरली असती. तुम्ही सारखी युनिटं घेतली नाहीत, सारखे पैसे घातलेत. स्वस्त महिन्यात युनिटं जास्त आली, त्यामुळे त्या महिन्याचा भाव हिशेबात जास्त वजनाने बसतो.

आकडे मुद्दाम ठळक घेतो, खरा फंड पाच महिन्यांत इतका क्वचितच हलतो. भाव ५०, ४०, २५, ४०, ५०. दरमहा ५०००. युनिटं आली १००, १२५, २००, १२५, १००, एकूण ६५०. घातलेले पैसे २५,०००. पंचवीस हजाराला साडेसहाशेने भागा, ३८.४६ येतात. पाच भावांची साधी सरासरी मात्र ४१.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हे रोज भोगावं लागतं. अठरा किलोमीटर जाताना ताशी १२ ने गेलात आणि येताना ३६ ने आलात, तर सरासरी वेग २४ पडत नाही. जाताना दीड तास, येताना अर्धा, छत्तीस किलोमीटरला दोन तास, म्हणजे ताशी १८. अंतर दोन्ही वेळा सारखं होतं, वेळ सारखा नव्हता. इथे अंतराच्या जागी रुपये आहेत आणि वेळाच्या जागी युनिटं.

खाडीकाठ (कळवा)
हे आईला लगेच पटलं. ती म्हणते, मग एक्सेलमध्ये काय लिहायचं ते विचार.

त्रैराशिक (नौपाडा)
A मध्ये भाव, B मध्ये रक्कम, C मध्ये मिळालेली युनिटं लिहा. मग

```
=SUM(B2:B13)/SUM(C2:C13)
```

हप्ते सगळे सारखे असतील तर युनिटं न लिहिताही चालतं:

```
=HARMEAN(A2:A13)
```

तुम्ही `AVERAGE` वापरलं असणार. ते चुकीचं सूत्र नाही, ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं.

पनवेलपुढे
सरासरी खाली आणायची असेल तर सोपा उपाय आहे. सध्या नवीन फंड येतायत, १० रुपयांना युनिट. त्यात एसआयपी वळवा. ६०-६१ च्या भावाने कशाला घ्यायचं?

त्रैराशिक (नौपाडा)
पनवेलपुढे, इथे प्रश्न सरासरी मोजायची कशी हा आहे, खाली कशी आणायची हा नाही. आणि नव्या फंडाची १० ही एनएव्ही म्हणजे स्वस्त भाव नव्हे. फंडातले शेअर १० टक्के वाढले तर १० चे ११ होतात आणि ६० चे ६६, तुमच्या ५००० चे दोन्हीकडे ५५००. शिवाय दुसऱ्या योजनेतल्या युनिटांनी या योजनेची सरासरी बदलत नाही.

खाडीकाठ (कळवा)
सूत्र लावलं. `HARMEAN` ने ६०.७२ आले, पण युनिटांवरून काढलं तर अगदी किंचित फरक पडतोय, तिसऱ्या-चौथ्या दशांशात. एका महिन्याला एनएव्ही ६२.५० होती, म्हणजे बरोबर ८० युनिटं यायला हवीत. स्टेटमेंटमध्ये ७९.९९६ आहेत. आई म्हणते चार हजारांश युनिट कुठे गेलं?

नेरुळ_सेक्टर_१०
ती स्टॅम्प ड्युटी. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या प्रत्येक खरेदीवर ०.००५ टक्के कापली जाते. ५००० वर पंचवीस पैसे. उरलेल्या ४९९९.७५ ची युनिटं मिळतात, भागा ६२.५० ने, ७९.९९६. स्टेटमेंटच्या व्यवहारांच्या यादीत खरेदीच्या ओळीखाली तिची स्वतंत्र ओळ असते, बघा. बँकेतून गेलेले पूर्ण ५००० धरले तर सरासरी एनएव्हीपेक्षा तेवढ्या केसभराने जास्त येते.

अजून एक जागा जिथे जुळत नाही ती तारखेची. एसआयपीची तारीख ५ असली तरी एनएव्ही लागते ती पैसे फंडाच्या खात्यात पोचतील त्या कामकाजाच्या दिवसाची. मध्ये शनिवार-रविवार किंवा बाजाराची सुट्टी आली तर पुढच्या दिवसाची. म्हणून संकेतस्थळावरून ५ तारखेचे भाव उतरवून घेऊ नका, स्टेटमेंटवर छापलेले घ्या.

खाडीकाठ (कळवा)
सापडली ती ओळ. आई समाधानी.

अभय_ऐरोली
माझा मुद्दा राहिलाच. ३८.४६ हा ४१ पेक्षा कमीच आहे ना? आणि तुम्हीच म्हणता की भाव हलले की तो नेहमी कमीच येणार. मग दर युनिटमागे २.५४ रुपयांचा फायदा झाला की नाही?

त्रैराशिक (नौपाडा)
कोणाच्या तुलनेत फायदा? दरमहा सारखी युनिटं घेणाऱ्याच्या तुलनेत, हो. पण आपल्यात तसं कोण घेतं? ४१ या भावाला तुम्हाला कोणीही युनिट विकत नव्हतं आणि ४१ ला तुमच्याकडून कोणी विकतही घेणार नाही. विकाल त्या दिवशी जी एनएव्ही असेल तीच मिळेल. नफा म्हणजे ती एनएव्ही आणि ३८.४६ यांतला फरक. ४१ त्यात कुठेच येत नाही.

आता तेच पाच भाव घ्या, फक्त क्रम बदला.

पहिला क्रम वर दिलाच आहे, पडून पुन्हा वर आलेला: ५०, ४०, २५, ४०, ५०. शेवटी ६५० युनिटं गुणिले ५०, म्हणजे ३२,५००. पंचवीस हजारावर साडेसात हजार नफा. पहिल्याच दिवशी सगळे पंचवीस हजार घातले असते तर ५०० युनिटं आली असती आणि शेवटी किंमत पंचवीस हजारच. इथे एसआयपी सरळ जिंकली.

दुसरा क्रम चढता: २५, ४०, ४०, ५०, ५०. युनिटं तीच ६५०, सरासरी तीच ३८.४६, शेवटची किंमतही तीच ३२,५००. पण पहिल्या दिवशी सगळे घालणाऱ्याला १००० युनिटं मिळाली आणि त्याचे झाले ५०,०००. चढत्या बाजारात तुमची सरासरी साध्या सरासरीच्या खाली राहते हे खरं, पण पहिल्या भावाच्या ती बरीच वर असते. तो भाव मागे सोडून तुम्ही महाग महाग घेत गेलात.

तिसरा क्रम उतरता: ५०, ५०, ४०, ४०, २५. पुन्हा ६५० युनिटं, पुन्हा ३८.४६. आज भाव २५, किंमत १६,२५०. पावणेनऊ हजार तोटा. साध्या सरासरीच्या २.५४ खाली असूनही तोटा. एकरकमीवाल्याचे मात्र १२,५०० उरले असते, म्हणजे त्याच्यापेक्षा तुमचं कमी बुडालं.

सरासरी खरेदीभावाला क्रम कळत नाही. तिन्ही वेळा आकडा एकच आला आणि खिशात आले कधी बत्तीस हजार, कधी सोळा. म्हणून कोणी फक्त सरासरी भाव दाखवून "बघा किती स्वस्तात पडलं" म्हणालं, तर मी आधी आजची एनएव्ही विचारतो.

अभय_ऐरोली
तिसरा क्रम असा डोळ्यासमोर कधी मांडला नव्हता. तरी जास्त हलणाऱ्या फंडात फरक मोठा पडतो हे तर गणितानेच सिद्ध होतं ना?

त्रैराशिक (नौपाडा)
फरक मोठा पडतो, नक्की. ३९, ४०, ४१, ४२, ४३ असे भाव घेतले तर साधी सरासरी पुन्हा ४१, पण तुमचा खरेदीभाव ४०.९५. फरक पाच पैशांचा. तिकडे २.५४ होता. पण या शांत फंडातला माणूस शेवटी ४३ वर उभा आहे, पाच टक्के नफ्यात. हलणाऱ्या फंडातला माणूस क्रमाप्रमाणे ३० टक्के नफ्यात नाहीतर ३५ टक्के तोट्यात. साध्या सरासरीपासूनचं अंतर हे भाव किती हलला याचं माप आहे, फंड किती कमावतो याचं नाही. स्मॉलकॅप घ्यायचा तर त्या कंपन्या वाढतील असं वाटतं म्हणून घ्यावा.

खारघर_टेकडी
इतकं वाचून माझा हिशेब विचारतो. २०२० च्या मार्चमध्ये निफ्टी जानेवारीच्या बारा हजारांवरून ७६०० च्या आसपास आला तेव्हा कंपनीने पगार निम्मा केला, म्हणून एसआयपी काही महिने थांबवली. घर चालवायचं होतं, दुसरा मार्ग नव्हता. नोव्हेंबरपर्यंत निफ्टी जानेवारीच्या पातळीवर परत आलासुद्धा, तेव्हा पुन्हा सुरू केली. माझा भाऊ न थांबता भरत राहिला. त्याची आणि माझी सरासरी इतकी वेगळी कशी? मी तर फक्त काही हप्ते गाळले.

त्रैराशिक (नौपाडा)
वरच्याच पाच भावांमधून २५ चा एक हप्ता गाळा. वीस हजार घातले, ४५० युनिटं आली. सरासरी ४४.४४. एक हप्ता गेला आणि ३८.४६ चे ४४.४४ झाले. भाव ५० वर परतल्यावर तुमचा नफा २,५००, तुमच्या भावाचा ७,५००. पाचपैकी एकच हप्ता त्याने जास्त भरला, पण त्यात २०० युनिटं होती, जवळजवळ तिसरा हिस्सा. उलट ५० चा एखादा हप्ता गाळला असता तर उरले असते ५५० युनिटं आणि सरासरी ३६.३६.

ठरलेल्या रकमेच्या खरेदीत सगळं वजन खालच्या महिन्यांवर असतं, आणि नोकरी-धंद्याची ओढाताणही नेमकी तेव्हाच होते. ज्याच्याकडे पाच-सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा पडून असतो त्याचाच २५ चा हप्ता निघतो.

खारघर_टेकडी
समजलं. भावाकडे तेव्हा खरंच एफडी होती.

घणसोली_गुलमोहर
माझा अनुभव उलटा आहे. पाच वर्षं एसआयपी चालू आहे. अलीकडे भाव चांगला पडला, मी खूश झाले की आता सरासरी खाली येईल. दोन हप्ते गेले, सरासरी हललीच नाही म्हणा ना. ॲपमध्ये बिघाड आहे का?

नेरुळ_सेक्टर_१०
बिघाड नाही, गाठोडं मोठं झालंय. साठ हप्ते झाले, सरासरी ४०, म्हणजे ३ लाख रुपये आणि ७५०० युनिटं असं धरू. भाव ३० वर आला. नव्या ५००० ची १६६.६६७ युनिटं. आता ३,०५,००० भागिले ७६६६.६६७, म्हणजे ३९.७८. बावीस पैसे खाली. हीच पडझड दुसऱ्याच हप्त्याला आली असती तर ४० ची सरासरी एका फटक्यात ३४.२९ झाली असती.

सुरुवातीच्या वर्षांत सरासरी सहज हलते. नंतर हप्त्याचा तिच्यावर फारसा जोर चालत नाही, तुम्ही जवळपास एकरकमी गुंतवणूकदारच झालेले असता. पाच वर्षांनंतरची पडझड "स्वस्तात घ्यायची संधी" वाटते, पण ७५०० युनिटांची किंमत ४० वरून ३० वर आली की पंचाहत्तर हजार कमी दिसतात आणि स्वस्तात आलेली युनिटं असतात एकशे सहासष्ट. मुलीच्या फीसाठी वगैरे ठरावीक वर्षी पैसे हवे असतील तर सरासरीच्या भरवशावर शेवटपर्यंत इक्विटीत बसू नका, आधी दोन-तीन वर्षं हळूहळू बाहेर काढायला लागा.

घणसोली_गुलमोहर
मुलगी नववीत आहे. हे आज रात्रीच घरी बोलते.

कोपरी_पूर्व
जरा वेगळं विचारतो. गेल्या महिन्यात काही युनिटं विकली. त्यानंतर एका ॲपवर माझी सरासरी खाली गेली, दुसऱ्यावर होती तीच राहिली. विकल्यावर खरेदीभाव बदलतो कसा? खरा आकडा कोणता?

त्रैराशिक (नौपाडा)
बहुधा एक ॲप आधी घेतलेली युनिटं आधी गेली असं धरतं, दुसरं सगळ्यांची सरासरी धरतं.

आपल्या उदाहरणात पाच हप्त्यांनंतर ५० च्या भावाने २२५ युनिटं विकली, ११,२५० आले. आधीची आधी, म्हणून गेली ती पहिली १०० आणि दुसरी १२५, त्यांची खरेदी १०,०००. नफा १,२५०. उरली ४२५ युनिटं, त्यांची खरेदी १५,०००, सरासरी ३५.२९. भाव पडला नाही, नवी खरेदी झाली नाही, तरी सरासरी तीन रुपये खाली आली, कारण महाग युनिटं आधी बाहेर पडली. दुसरं ॲप ३८.४६ च दाखवत राहील आणि विकलेल्यांवर नफा २,५९६ सांगेल.

करासाठी पहिली पद्धत चालते. वर्ष पूर्ण झालं का हेही प्रत्येक हप्त्याचं वेगळं बघायचं, एसआयपी कधी सुरू झाली यावर नाही. जुलै २०२४ पासून इक्विटी फंडात वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के, त्यापुढच्यावर १२.५ टक्के, आणि तेही वर्षभरात मिळून १.२५ लाखाच्या वरच्या नफ्यावर. म्हणून विवरणपत्र भरताना ॲपच्या पडद्यावरची सरासरी घेऊ नका, रजिस्ट्रारकडून भांडवली नफ्याचं स्टेटमेंट मागवा. कॅम्स आणि केफिनटेक दोघेही ईमेलवर पाठवतात.

कोपरी_पूर्व
पाठवलंय त्यांनी. १,२५० सारखाच हिशेब दिसतोय, प्रत्येक हप्त्याची वेगळी ओळ आहे. धन्यवाद काका.

वाशी_मिनी_सीशोर
वडील मागच्या महिन्यात निवृत्त झाले. हातात मोठी रक्कम आहे. वरचा चढता क्रम वाचून वाटतं एकदम घालावी, उतरता वाचून वाटतं दरमहा घालावी. नक्की काय?

त्रैराशिक (नौपाडा)
पगारातून दरमहा उरतात त्यांच्यासाठी हा प्रश्नच नाही, पैसे येतात तसेच जातात. तुमच्याकडे रक्कम आज आहे. बाजार दीर्घकाळात चढतो असं मानत असाल तर गणित एकदम घालण्याच्या बाजूने झुकतं, कारण थांबलेले पैसे बहुतेक वेळा महाग भावाने आत जातात. माझं मत, निवृत्त माणसाने इक्विटीत किती ठेवायचे ते आधी ठरवावं आणि तेवढे मग उगाच लांबवू नयेत.

नेरुळ_सेक्टर_१०
इथे मी काकांशी सहमत नाही. सरासरी भावापेक्षा वडिलांची झोप महत्त्वाची. पहिल्या तीन महिन्यांत वीस टक्के खाली गेलं तर ते घाबरून सगळं काढून घेतील, मग कुठलंच गणित उपयोगाचं नाही. लिक्विड फंडात ठेवून वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम वळती करा. थोडं कमी मिळालं तरी चालेल.

त्रैराशिक (नौपाडा)
वीस टक्क्यांनी घाबरणारा माणूस तेराव्या महिन्यात वीस टक्के पडलं तरी घाबरणारच, तेव्हा तर सगळी रक्कम आत असेल. मग मुळात इक्विटीचा वाटाच कमी ठेवावा.

नेरुळ_सेक्टर_१०
वर्षभरात माणूस बाजाराला सरावतो, हे मी घरात पाहिलंय. असो, आपलं इथे जमणार नाही.

वाशी_मिनी_सीशोर
दोघांचंही वडिलांना वाचून दाखवते. ठरवतील ते.

खाडीकाठ (कळवा)
एक शेवटचं. आई पुढच्या महिन्यापासून हप्ता ५००० चा ६००० करतेय. `HARMEAN` चालेल ना?

त्रैराशिक (नौपाडा)
नाही. ते फक्त सारख्या हप्त्यांना चालतं. एकदा रक्कम बदलली की एकूण रुपये भागिले एकूण युनिटं, वर दिलेलं पहिलं सूत्र. B च्या रकान्यात त्या महिन्यापासून ६००० लिहा, सूत्रात दोन्हीकडे १३ च्या जागी शेवटच्या हप्त्याच्या ओळीचा क्रमांक टाका, स्टॅम्प ड्युटीही आता तीस पैसे दिसेल.